स्वतःचीच चिठ्ठी आली तर?

प्रश्न : संक्रांतीला आम्ही जावा-नणंदा चिठ्ठ्या टाकून एकमेकींना भेटी देतो. स्वतःचं नाव आलं की तेवढी चिठ्ठी परत टाकून दुसरी उचलतो. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, घाटनांदूर (ता. अंबाजोगाई)

उत्तर : नाही, यात सगळ्या जोड्यांना सारखी संधी मिळत नाही. तीनच जावा धरा. थोरलीला धाकटीची चिठ्ठी आली, तर मधलीला थोरलीचीच घ्यावी लागते आणि धाकटीला मधलीची उरते. डाव हमखास पुरा होतो. थोरलीला मधलीची आली, तर मात्र निम्म्या वेळा मधली थोरलीची उचलते आणि धाकटीच्या हाती स्वतःचीच चिठ्ठी येते. मग डाव मोडून पुन्हा मांडावा लागतो. म्हणून पहिली मांडणी दुसरीच्या दुप्पट वेळा येते. खरं तर दोन्ही सारख्याच यायला हव्यात.

कुणालाही स्वतःचं नाव आलं, की सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करा, नीट कालवा आणि पहिल्यापासून वाटा. चौघी-पाचजणी असोत की पंचवीस, असा डाव साधारण 37 टक्के वेळा पहिल्याच फेरीत जमतो. सरासरी पावणेतीन फेऱ्या लागतात. चिठ्ठ्या मात्र सगळ्यांनी एकदमच उघडाव्यात आणि ‘माझीच आली’ एवढंच सांगावं; बाकीची नावं वाचून दाखवू नयेत.