नोकरी करत कॉलेज : बॅच बदल किंवा हजेरीत सवलत मागताना कोणता पुरावा चालतो?

नाशिकमध्ये आपल्यापैकी बरेच जण सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहेत, कुणी मेन रोडच्या दुकानात आहे, कुणी स्वतःचा छोटा धंदा सुरू केलाय. आणि त्याचवेळी डिग्रीही सुरू आहे. मग एक दिवस नोटीस बोर्डवर डिफॉल्टर लिस्ट लागते, त्यात आपलं नाव असतं आणि धावपळ सुरू होते. आजचा विषय तोच : अर्ज कसा करायचा आणि सोबत काय जोडायचं. ज्यांना उद्या मालक म्हणून असं पत्र लिहून द्यावं लागणार आहे, त्यांच्यासाठीही शेवटी एक भाग आहे.

आधी हिशेब, मग अर्ज

बहुतेक कॉलेजांत ७५ टक्के हजेरीची अट असते आणि ती भरली तरच टर्म ग्रँट होते. अर्ज करण्याआधी एक कागद घ्या. एका बाजूला कॉलेजचं टाइमटेबल लिहा, दुसऱ्या बाजूला तुमची शिफ्ट. नेमकी किती लेक्चर्स बुडतात ते मोजा.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा, एक मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सकाळी ८ ते १२, रोज ४ लेक्चर्स, आठवड्याचे ६ दिवस. म्हणजे आठवड्याला २४ आणि १५ आठवड्यांच्या टर्ममध्ये ३६० लेक्चर्स. ७५ टक्के म्हणजे २७० लेक्चर्सना बसायला हवं.

तो कारखान्यात तिन्ही शिफ्टमध्ये फिरतो : फर्स्ट ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते १२, थर्ड रात्री १२ ते सकाळी ७. शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि सुट्टी शनिवारी. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात त्याला फक्त शनिवारची ४ लेक्चर्स मिळतात. सेकंडच्या आठवड्यात पूर्ण २४. थर्डच्या आठवड्यात गेटवरून थेट कॉलेजला जाता येतं, पण रात्रभर जागलेला माणूस रोज चारही लेक्चर्सना बसत नाही, म्हणून निम्मी, म्हणजे १२ धरू.

प्रत्येक शिफ्टचे ५ आठवडे. ५ गुणिले ४ म्हणजे २०, ५ गुणिले २४ म्हणजे १२०, ५ गुणिले १२ म्हणजे ६०. एकूण २००. हजेरी साधारण ५६ टक्के, आणि ७० लेक्चर्स कमी.

आता तो म्हणेल, "सर, मला दुपारच्या बॅचला टाका." पण दुपारची बॅच साडेबारा ते साडेचार असेल, तर फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात जेमतेम शेवटचं लेक्चर मिळेल आणि सेकंडच्या आठवड्यात तेच शेवटचं लेक्चर बुडेल. म्हणजे अडचण तशीच राहते, फक्त वेळ बदलते. शिफ्ट फिरती असेल तर बॅच बदलून सहसा काही सुटत नाही.

याला उपाय कॉलेजकडे नाही, कंपनीकडे आहे. सुपरवायझरने टर्मपुरती फक्त फर्स्ट शिफ्ट काढून दिली तर ८ आठवडे सेकंड आणि ७ आठवडे थर्ड होतील. ८ गुणिले २४ म्हणजे १९२, ७ गुणिले १२ म्हणजे ८४. एकूण २७६. हजेरी ७६ टक्क्यांच्या वर गेली! कॉलेजकडे सवलत मागायची गरजच उरली नाही. फर्स्ट शिफ्ट सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे ती सोडायला तयार असलेल्या माणसाला सुपरवायझर सहसा नाही म्हणत नाही.

उलट तुमची वेळ कायमची ठरलेली असेल, समजा दुकानात सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, तर सकाळी लवकर सुटणारी बॅच मागण्यात अर्थ आहे.

बॅच बदल वेगळा, हजेरीत सवलत वेगळी

या दोन मागण्या एकाच अर्जात कोंबू नका.

बॅच किंवा डिव्हिजन बदलायची असेल तर कॉलेज तीन गोष्टी बघतं : त्या डिव्हिजनमध्ये जागा आहे का, तुमचे ऑप्शनल विषय तिथे शिकवले जातात का, आणि ती डिव्हिजन अनुदानित आहे की विनाअनुदानित. शेवटची गोष्ट नीट विचारून घ्या, कारण दोन्हींची फी सारखी नसते. बदल मंजूर झाला की आधीच्या डिव्हिजनमधली हजेरी नव्या रोल नंबरवर घ्यावी, हेही लेखी मागा. हे राहून गेलं तर टर्मच्या शेवटी नव्या मस्टरवर सुरुवातीचे आठवडे कोरे दिसतात आणि तुम्ही हजर असूनही डिफॉल्टर ठरता.

हजेरीतली सवलत हा प्राचार्यांचा निर्णय असतो आणि त्याला मर्यादा असते. आजारपण, अपघात किंवा कॉलेजतर्फे खेळायला जाणं ही कारणं जितकी सहज मान्य होतात, तितकी नोकरी होत नाही. कारण साधं आहे : रेग्युलर कोर्सला प्रवेश घेताना वर्गात बसायचं तुम्ही मान्य केलेलं असतं. म्हणून "मला हजेरी माफ करा" असं लिहू नका. "बुधवार आणि गुरुवारची पहिली दोन लेक्चर्स बुडतात, त्याबदल्यात मी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तीच लेक्चर्स करू का? असाइनमेंट आणि इंटर्नल वेळेवर देईन," असं लिहा. मोजकी मागणी मान्य करणं प्राचार्यांनाही सोपं जातं.

लॉ करणाऱ्यांनी जास्त सावध राहा. तिथे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे : प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. अपवादात्मक कारण असेल तर त्या विषयात ६५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण सगळ्या विषयांची मिळून ७० टक्के भरावीच लागते. या नियमानुसार त्याखाली प्राचार्यांच्याही हातात काही नसतं. शिवाय २०२४ मध्ये बार कौन्सिलने लॉ कॉलेजांना विद्यार्थी नोकरीत आहे का, याची माहिती घ्यायला सांगितलं आहे. त्यामुळे नोकरीचं पत्र देण्याआधी मालकाची लेखी ना-हरकत तयार ठेवा.

कोणता कागद वजनदार?

कॉलेजला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. नोकरी खरी आहे का? वेळ खरंच आड येते का? आणि हे किती दिवस चालणार? प्रत्येक प्रश्नाला एक कागद लागतो.

पहिल्या प्रश्नासाठी असा कागद द्या जो मालकाने आजच बसून लिहिलेला नाही. पीएफचं पासबुक, ईएसआयसीचं कार्ड, किंवा पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. छोट्या दुकानात पीएफ नसतो आणि पगारही रोखीने मिळतो. तिथे मालकाला सांगून पुढच्या महिन्यापासून पगार खात्यावर किंवा यूपीआयने घ्या. पुरावा आपोआप तयार होतो. स्टेटमेंट देताना बाकीच्या खासगी नोंदी झाकल्या तरी चालतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी मालकाचं पत्र लागतं. "सदर इसम आमच्याकडे कामाला आहे" एवढ्या एका ओळीच्या पत्राचा उपयोग नाही, कारण त्यात वेळच नाही. पत्र असं असावं :

> श्री./कु. ______ हे आमच्या दुकानात दि. ______ पासून सेल्समन म्हणून काम करतात. कामाची वेळ सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.३० असून साप्ताहिक सुट्टी सोमवारी आहे. ही वेळ चालू शैक्षणिक टर्म संपेपर्यंत कायम राहील. आपण त्यांना सकाळची बॅच दिल्यास त्यांनी रोज ९.३० वाजता कामावर येण्यास आमची हरकत नाही.

खाली मालकाची सही, नाव, शिक्का, मोबाइल नंबर आणि शॉप अ‍ॅक्टचा नंबर. कारखान्यात असाल तर एचआरच्या सहीचं पत्र आणि सोबत शिफ्ट शेड्यूलची प्रत. ऑफिसमधून त्या नंबरवर फोन जाऊ शकतो, तेव्हा मालकाला आधी कल्पना देऊन ठेवा.

स्वतःचा धंदा असेल तर?

इथे खरी अडचण येते. उद्यम प्रमाणपत्र किंवा शॉप अ‍ॅक्टची पावती जोडली की धंदा आहे एवढं सिद्ध होतं. पण कॉलेज लगेच विचारतं, "मालक तुम्हीच, मग वेळ तुम्हीच का बदलत नाही?" आणि हा प्रश्न रास्त आहे.

म्हणून वेळ तुमच्या हातात नाही हे दाखवणारा कागद दुसऱ्याकडून यायला हवा. समजा, तुम्ही अंबडच्या एखाद्या कंपनीला डबे पुरवता. तर त्या कंपनीचं वर्क ऑर्डर, ज्यात "डिलिव्हरी दुपारी १२ पर्यंत" असं लिहिलंय, ते उद्यम प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाचं. ऑर्डर तोंडी असेल तर ग्राहकाकडून वेळेसह दोन ओळींचा ईमेल मागून घ्या. तो पुढे बँकेत कर्जासाठी गेलात तरी उपयोगी पडतो.

अर्ज कधी आणि कसा द्यायचा

टर्म सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत. डिफॉल्टर लिस्टनंतर आलेला तोच अर्ज, त्याच कागदांसह, बहाण्यासारखा वाटतो. दोन प्रती करा, एक ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. वर्गशिक्षकांना व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं म्हणजे अर्ज झाला असं नाही. तोंडी "बघू" म्हणाले तर आठवड्याने पोच घेऊन परत जा.

हिशेब करूनही हजेरी ४०-५० टक्क्यांच्या वर जात नसेल तर सवलतीच्या मागे वर्ष घालवू नका. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, आणि ते नोकरी करणाऱ्यांसाठीही आहे. बी.ए., बी.कॉम.सारख्या पदव्या तिथे होतात. लॉ किंवा इंजिनिअरिंगची डिग्री मात्र दूरशिक्षणाने होत नाही.

आता मालकांसाठी

उद्या तुमच्या दुकानात येणारा एखादा मुलगा, किंवा तुमचाच भाचा म्हणेल, "मामा, मी तुमच्याकडे कामाला आहे असं लिहून द्या ना, हजेरीसाठी पाहिजे." नात्यात नाही म्हणणं जड जातं. पण ते पत्र तुमच्या लेटरहेडवर जातं. त्यात तारीख, पद आणि कामाची वेळ असते. तुमच्या हजेरीपत्रकात आणि पगाराच्या नोंदीत तो माणूस नसेल, तर पत्र खोटं ठरतं, किंवा तुमच्या नोंदी खोट्या ठरतात. उद्या त्याच पत्राच्या आधारे कुणी पगार मागितला, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

खरोखर कामाला असलेल्या मुलाला मात्र पत्र द्यायला टाळाटाळ करू नका. पत्र देण्याआधी त्याचं टाइमटेबल मागा. रोज एक तास उशिरा येऊन संध्याकाळी तेवढंच थांबणं जमत असेल तर पत्रात तसं लिहा. परीक्षेच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर मांडून घ्या, म्हणजे ऐन सीझनमध्ये काउंटर रिकामा राहणार नाही.