वेळ कळविताना आदराची भाषा

सभा, भेट, पाहणी किंवा कामाची तारीख ठरविण्यासाठी आज बहुधा मोबाईलवर दोन-तीन ओळींचा संदेश पाठविला जातो. समोरासमोरच्या बोलण्यात आवाजाचा चढउतार आणि चेहऱ्यावरचा भाव शब्दांना आधार देतात. लेखी संदेशात हा आधार नसतो. तेथे आदराचा सारा भार सर्वनाम आणि क्रियापद या दोहोंवर पडतो. विशेषतः वेळ कळविताना कोणी कोठे यावयाचे, ही वेळ विनंतीची की आज्ञेची, हे सारे क्रियापदाच्या एका प्रत्ययावर ठरते. म्हणून या प्रकारच्या संदेशातील आदररूपांचा येथे थोडा बारकाईने विचार करू.

मराठीत समोरच्या व्यक्तीसाठी तू, तुम्ही आणि आपण अशी तीन सर्वनामे आहेत. यांपैकी ‘आपण’ सर्वांत आदराचे मानले जाते, आणि म्हणून वडीलधाऱ्यांना लिहिताना तेच वापरण्याकडे कल असतो. परंतु या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती, तसेच ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा मिळून सर्वजण. ‘आपण शनिवारी शाळेजवळ येणार आहात’ आणि ‘आपण शनिवारी शाळेजवळ येणार आहोत’ या वाक्यांत फरक फक्त शेवटच्या शब्दात आहे. पहिल्यात एकाने यावयाचे आहे, दुसऱ्यात दोघांनी. क्रियापद स्पष्ट असेल तोवर अडचण येत नाही. मात्र ‘आपल्याला शनिवारी आठ वाजता निघायचे आहे’ असे लिहिले की वाचणाऱ्याला संभ्रम पडतो. हे वाहन आपल्याला घ्यावयास येणार आहे, की आपण एकट्याने निघावयाचे आहे, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

‘आपल्या’ या रूपात ही अडचण आणखी वाढते. ‘मी शनिवारी आपल्या घरी येईन’ या वाक्यात घर लिहिणाऱ्याचे असू शकते, वाचणाऱ्याचेही असू शकते. मराठीत ‘आपला’ हा शब्द ‘स्वतःचा’ या अर्थानेही येतो, त्यामुळे दोन्ही अर्थ व्याकरणदृष्ट्या बरोबर ठरतात. अशा ठिकाणी ठिकाणाचे नाव लिहावे, किंवा ‘तुमच्या घरी’ असे लिहावे. ‘तुम्ही’ हे रूप कमी आदराचे आहे, ही समजूत बरोबर नाही. क्रियापद नम्र असेल तर ‘तुम्ही’ पुरेसे आदराचे असते, आणि त्यात वरील संदिग्धता नसते. एकाच संदेशात आरंभी ‘आपण’ आणि शेवटी ‘तुम्ही’ अशी सरमिसळ मात्र टाळावी.

आता क्रियापदाकडे वळू. ‘ये’, ‘या’, ‘यावे’, ‘येण्याची कृपा करावी’ अशी चढती पायरी सर्वांच्या परिचयाची आहे. यातील ‘यावे’ हे विध्यर्थाचे रूप कार्यालयीन मराठीत सर्वाधिक वापरले जाते. त्याचा विशेष असा की ते आज्ञाही असते आणि विनंतीही. सूचनाफलकावरील ‘सर्व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे’ ही आज्ञा आहे. पत्रातील ‘कृपया उपस्थित राहावे, ही विनंती’ ही विनंती आहे. रूप एकच असल्यामुळे कोणता अर्थ घ्यावयाचा, हे भोवतालचे शब्द ठरवितात. ‘उपस्थित’च्या जागी ‘हजर’ लिहिले की हजेरीपटाची आठवण होते, आणि पुढे ‘अन्यथा’ हा शब्द आला की विनंतीचा लवलेशही उरत नाही.

विध्यर्थी वाक्यात कर्ता नाम असेल तर त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘गुरुजी यावे’ असे नव्हे, तर ‘गुरुजींनी यावे’. क्रियापदाला कर्म असेल तर रूप कर्माप्रमाणे बदलते : वेळ कळवावी, निरोप द्यावा, कागद आणावेत. ‘वेळ कळवावे’ असे लिहिल्याने अर्थ बिघडत नाही, पण शिक्षकाला पाठविलेल्या संदेशात ती चूक डोळ्यांत भरते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या प्रश्नाला बोलीचे एक वेगळे अंग आहे. वऱ्हाडी बोलीत पुढे करावयाच्या कामासाठी ‘येजो’, ‘करजो’ आणि आदराने ‘येजा’, ‘करजा’ अशी रूपे ऐकू येतात. ‘उद्या सकाळी येजा जी’ या वाक्यात पुढच्या वेळेची सूचना आहे, आदर आहे आणि आपुलकीही आहे. काकाजी, मामाजी अशा नात्यांच्या संबोधनांतला ‘जी’ हा या भागाचा जुना ठेवा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान. त्या पंथाच्या ‘लीळाचरित्र’ या तेराव्या शतकातील गद्यग्रंथात भक्त आपल्या गुरूंशी बोलताना ‘जी’ म्हणतात. तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यांना संदेशात ‘काकाजी’ म्हणण्यात अनौपचारिकपणा मानण्याचे कारण नाही. प्रमाण भाषेत लिहिताना ‘येजा’चे ‘यावे’ करावे आणि संबोधन तसेच ठेवावे.

एका बोलीरूपाबाबत मात्र विशेष सावध राहावे. ‘मी येऊन राहिलो’ याचा वऱ्हाडीत अर्थ ‘मी येत आहे’ असा होतो. पुण्याहून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला त्यावरून ही व्यक्ती येऊन मुक्कामास राहिली आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वेळेच्या संदेशात ‘येत आहे’ किंवा ‘येईन’ असेच लिहावे.

हे सारे एका उदाहरणातून पाहू. समजा, मूर्तिजापूर तालुक्यातील एका गावात शाळेलगत एका शेतकऱ्याच्या घराच्या पायाची आखणी गुरुवार, दि. १२ मार्च रोजी ठरली आहे. पंचायत समितीच्या अभियंत्याला त्या दिवशी अमरावतीस जावे लागत असल्याने ती शनिवारी करावयाची आहे. चौघांना कळविणे आवश्यक आहे : शेतकऱ्याचे वृद्ध वडील, शाळेच्या मुख्याध्यापिका, स्वतः शेतकरी आणि अभियंत्याचा तरुण मदतनीस. सामान वाहून आणणारे वाहन शाळेच्या फाटकातून जाणार आहे.

येथे पहिला निर्णय शब्दांचा नसून क्रमाचा आहे. चौघांपैकी दोघांना वेळ विचारावयाची आहे आणि दोघांना ती कळवावयाची आहे. वेळ ठरवून टाकल्यानंतर ‘चालेल ना?’ असे विचारणे हा केवळ उपचार होतो. म्हणून मुख्याध्यापिका आणि वडील यांना संदेश आधी जावा.

मुख्याध्यापिकांना असे लिहिता येईल : “बाई, सादर नमस्कार. शाळेलगतच्या घराची गुरुवारची आखणी रद्द झाली आहे. ती शनिवार, दि. १४ मार्च रोजी सकाळी करण्याचा विचार आहे. त्या दिवशी शाळेच्या फाटकातून वाहन नेण्यास परवानगी मिळावी. मुलांच्या परिपाठास अडथळा होणार नाही अशी वेळ कृपया कळवावी.” यात ‘मिळावी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘परवानगी द्यावी’ म्हणताना समोरच्याने काय करावे हे आपण सांगतो. ‘मिळावी’ म्हणताना आपली गरज तेवढी मांडतो. बाईंचे उत्तर आले की परिपाठ संपल्यावर, साडेआठनंतर वाहन आणावे.

मग वडिलांना : “काकाजी, सादर नमस्कार. गुरुवारी मला अमरावतीस जावे लागत आहे, त्यामुळे त्या दिवशी आखणी होणार नाही. शनिवार, दि. १४ मार्च रोजी सकाळी ८.३० वाजता मी जागेवर येईन. ही वेळ तुम्हाला सोयीची होईल काय? नसल्यास तुमच्या सोयीची वेळ कळवावी.” येथे कारण दिले आहे, कारण ठरलेला दिवस मोडणारा वयाने लहान आहे. ‘मी येईन’ असे लिहिल्याने कोणी कोठे जावयाचे, हा संशय उरत नाही. जुना दिवस रद्द झाल्याचा उल्लेख आधी केला आहे, नाहीतर काकाजी गुरुवारीही जागेवर जाऊन बसतील आणि शनिवारीही येतील.

काकाजींचा होकार आल्यावर शेतकऱ्याला कळवावे. ज्याचे काम आपल्याकडे आहे तो नागरिक. वकिलाकडे तो पक्षकार असतो, दुकानात ग्राहक. त्याला लिहिताना छापील नोटिशीतील भाषा उचलण्याची सवय आढळते : “हजर राहावे, अन्यथा जबाबदारी आपली राहील.” यातील ‘आपली’ कोणाची, हेही स्पष्ट नाही. त्याऐवजी : “नमस्कार. आखणी गुरुवारऐवजी शनिवार, दि. १४ मार्च रोजी सकाळी ८.३० वाजता होईल. तुम्ही कृपया जागेवर उपस्थित राहावे आणि नमुना आठचा उतारा सोबत ठेवावा. अडचण असल्यास शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावे.” येथे वेळ कळविली आहे, तरी नकाराला वाट ठेवली आहे.

मदतनिसाला : “शनिवारी सकाळी ७.३० वाजता मूर्तिजापूरच्या बसस्थानकावर या. टेप, दोरी, खुंट्या, गुण्या आणि फक्की सोबत घ्या. तेथून आपण दोघे जागेवर जाऊ.” वयाने लहान असला तरी कामाच्या लेखी संदेशात त्याला ‘तुम्ही’चे रूप द्यावे. तोंडी बोलण्यात ‘तू’ जिव्हाळ्याचे असेल, पण हाच संदेश उद्या कोणी तिसरा वाचू शकतो. ‘या’ आणि ‘घ्या’ या सरळ आज्ञा येथे योग्यच आहेत. त्याला ‘येण्याची कृपा करावी’ असे लिहिले तर तो थट्टा समजेल, किंवा साहेब रागावले आहेत असे मानील. शेवटच्या वाक्यात ‘आपण’ सर्वांना धरून आला आहे. ‘दोघे’ आणि ‘जाऊ’ यांमुळे तो अर्थ निश्चित होतो.

हे चार संदेश न लिहिता चौघांच्या गटावर ‘शनिवारी ८.३० ला सर्वांनी हजर राहावे’ एवढेच टाकले असते, तर मदतनिसाला ते नेहमीचे वाटले असते, आणि काकाजींना तो हुकूम वाटला असता. गटावर लिहावयाचेच असेल तर गटातील सर्वांत वडील व्यक्तीला शोभेल ते रूप वापरावे, आणि त्या व्यक्तीला आधी स्वतंत्रपणे विचारावे.

संदेश चुकला हे बहुधा उत्तरावरून कळते. प्रश्न विचारला असताना वडीलधाऱ्यांकडून नुसते ‘बरं’ आले, किंवा काहीच आले नाही, तर त्यांना ती विचारणा वाटली नाही असे समजावे आणि दूरध्वनी करावा. ‘म्हणजे मी यायचे का?’ असा उलट प्रश्न आला, तर दोष बहुधा ‘आपण’चा असतो. आणि ‘परवा’ हा शब्द मागच्या व पुढच्या दोन्ही दिवसांना लागू होतो, म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहावीत.

कायद्याने ठराविक नमुन्यात द्यावयाच्या नोटिशीत अर्थातच असे फेरफार करता येत नाहीत. तिचा मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो. परंतु त्या नोटिशीबरोबर दोन ओळींचा वेगळा संदेश पाठविण्यास कोणतीही आडकाठी नसते, आणि ‘काकाजी’ हा शब्द त्या दोन ओळींत लिहिता येतो.