बीपीची गोळी: सकाळी, रात्री की डब्याबरोबर?

प्रश्न : माझे वय ६१. फोर्टमधल्या एका ट्रस्टचे हिशेब अजून बघतो, त्यामुळे बोरिवलीहून चर्चगेटची लोकल सुटलेली नाही. टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ अशी एकत्र गोळी डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली आहे. ती घेतली की अंधेरी येईपर्यंत लघवीची घाई होते, म्हणून कधीकधी ऑफिसच्या दिवशी गोळी टाळतो. मुलुंडच्या भाच्याने आता व्हॉट्सअॅपवर पाठवले आहे की बीपीची गोळी झोपताना घेतली तर हार्ट अॅटॅक निम्म्याने कमी होतात, स्पेनमध्ये सिद्ध झाले आहे. आमची सौ. अम्लोडिपिन रात्रीच घेते. आता मी काय करू?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : भाच्याने पाठवलेली बातमी बनावट नाही, जुनी आहे. तिच्यानंतर बरेच काही घडले आणि ते फॉरवर्ड झाले नाही. पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ स्पेनची नाही, ‘कधीकधी टाळतो’ ही आहे. तिच्याकडे येतोच, आधी स्पेन.

रात्रीच्या गोळीमागचा विचार मुळीच वेडगळ नव्हता. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो आणि जाग येता येता चढायला लागतो. हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात सकाळच्या प्रहरात जास्त होतात, हेही डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत आले आहे. झोपेतला रक्तदाब ज्यांचा उतरत नाही त्यांना पुढे धोका अधिक असतो. मग गोळीचा जोर रात्रभर आणि पहाटे राहील अशा बेताने ती झोपताना का घेऊ नये? प्रश्न रास्त होता, आणि अशा प्रश्नाला उत्तर एकच : हजारो माणसे घ्यायची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे, एकाला सकाळी, दुसऱ्याला रात्री गोळी द्यायची आणि काही वर्षे वाट पाहायची.

स्पेनच्या व्हिगो विद्यापीठातले रॅमोन हर्मिडा यांच्या गटाने ते केले. ‘हायजिया’ नावाचा त्यांचा अभ्यास २०१९च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९ हजारांवर माणसे होती आणि सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष होते. झोपताना गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना ४५ टक्क्यांनी कमी, असा निष्कर्ष निघाला. बातमी जगभर गेली आणि तुमच्या भाच्यापर्यंत अजून पोचते आहे.

जाणकारांच्या भुवया उंचावल्या त्या याच ४५ टक्क्यांमुळे. एक साधा हिशेब करू, तुम्ही हिशेबाचेच माणूस आहात. आजवरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की वरचा आकडा १० पॉइंटने उतरवला तर अशा घटना साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. हायजियात दोन्ही गटांच्या झोपेतल्या वरच्या आकड्यात फरक होता जेमतेम तीन पॉइंटचा : एका गटात सुमारे ११८, दुसऱ्यात सुमारे ११५. तीन पॉइंटांवर सहा-सात टक्के फायदा समजू शकतो, ४५ टक्के नाही. औषध घेणे आणि मुळीच न घेणे यांतसुद्धा इतका फरक क्वचित दिसतो, मग तीच गोळी नुसती बारा तास सरकवून कसा दिसेल? ज्या नियतकालिकात हा अभ्यास आला होता, त्यातच आक्षेपाची पत्रे छापून आली. चिठ्ठ्या नेमक्या कशा टाकल्या, इथपासून प्रश्न विचारले गेले.

यावरचा उतारा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तेच करून बघणे. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या थॉमस मॅक्डॉनल्ड यांच्या गटाने ब्रिटनमध्ये ‘टाइम’ नावाचा अभ्यास २०११पासूनच चालवला होता. त्यात २१,१०४ माणसे होती. कुणी कुठली गोळी घ्यायची हे बदलले नाही, नेहमीचीच गोळी, फक्त एका गटाने सकाळी सहा ते दहा आणि दुसऱ्याने रात्री आठ ते बारा या वेळात घ्यायची. सरासरी पाच वर्षांनंतर, २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघाताने रुग्णालयात जावे लागलेले अथवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावलेले लोक रात्रीच्या गटात ३.४ टक्के, सकाळच्या गटात ३.७ टक्के. इतका फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो, म्हणजे व्यवहारात दोन्ही सारखेच.

याच अभ्यासातला एक आकडा मला मुख्य निकालाइतकाच बोलका वाटतो. ठरवून दिलेली वेळ पाळली नाही असे रात्रीच्या गटातल्या जवळजवळ ३९ टक्के लोकांनी कबूल केले. सकाळच्या गटात हे प्रमाण साडेबावीसच्या आसपास होते. रात्री माणूस दमलेला असतो, मालिका बघता बघता डुलकी लागते आणि गोळी डब्यातच राहते.

पुढे कॅनडातल्या ३,३५७ रुग्णांवरच्या ‘बेडमेड’चाही निकाल २०२५मध्ये तसाच लागला : रात्री घेऊन फायदा नाही. पण तोटाही नाही. रात्रीच्या गोळीने वृद्ध अंधारात धडपडतील, हाडे मोडतील, नव्याने काचबिंदू होईल अशी जी धास्ती होती, तीही त्या अभ्यासात खरी ठरली नाही. त्यामुळे तुमच्या सौभाग्यवती रात्री अम्लोडिपिन घेतात आणि ती चुकत नाही, तर त्यांना मुळीच हलवू नका. ज्या वेळी घेणे सोयीचे आणि सवयीत बसणारे, ती वेळ योग्य, असेच युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४च्या मार्गदर्शिकेतही आहे.

इथे कुणी ‘इंडिया हार्ट स्टडी’चा दाखला देईल. १५ राज्यांतल्या १८,९१८ लोकांच्या घरच्या मोजण्यांतून २०१९मध्ये असे दिसले की भारतीयांचा रक्तदाब सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त असतो, आणि ‘मग आपल्याकडे गोळीची वेळ बदलायला हवी का’ अशी चर्चा वर्तमानपत्रांत झाली. पण रक्तदाब कधी जास्त भरतो हे कळणे वेगळे आणि त्या वेळी गोळी घेऊन अॅटॅक टळतात हे दाखवणे वेगळे. दुसरे काम त्या अभ्यासाचे नव्हतेच.

घड्याळाला महत्त्व का उरले नाही, याचे कारण गोळ्यांमध्येच आहे. अम्लोडिपिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात, क्लोरथॅलिडोनला त्याच्याच आसपास, टेल्मिसार्टनला साधारण एक दिवस. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पाण्याच्या टाकीसारखा साठा कायम असतो. नळ सकाळी सुटला की रात्री, याने टाकीच्या पातळीत मोठा फरक पडत नाही, मात्र दोन-तीन दिवस नळ आलाच नाही तर पडतो. (मुंबईशी या विषयाचे नाते जुने आहे. केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. त्या औषधाचा परिणामही सावकाश चढणारा आणि बंद केल्यावर सावकाश ओसरणारा.)

आता तुमची लोकल. बोरिवली ते चर्चगेट फास्ट गाडीनेही तासभर, आणि डब्यात स्वच्छतागृह नाही. क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध, त्याचा परिणाम घेतल्यावर दोन-तीन तासांत जाणवू लागतो. म्हणजे तुमची घाई खरी आहे, मनाचा खेळ नाही. ‘सकाळी घ्या’ असे डॉक्टर सांगतात ते बहुधा रात्री उठावे लागू नये म्हणून, हृदयासाठी सकाळ पवित्र आहे म्हणून नव्हे. भाच्याचे ऐकून ती झोपताना घेतलीत तर लोकलमधली घाई रात्री दोन वाजता येईल. मधला मार्ग सरळ आहे : ऑफिसात पोचल्यावर किंवा दुपारच्या डब्याबरोबर गोळी घ्या. स्ट्रिप ऑफिसच्या बॅगेत राहू द्या आणि रविवारीही तीच वेळ ठेवा. सकाळवरून दुपारवर येताना मध्ये चार-पाच तासांचे जे अंतर वाढेल, त्याने या गोळीला काही होत नाही. डॉक्टरांना पुढच्या भेटीत हे सांगा, आणि टाळलेल्या दिवसांचेही सांगा. नाहीतर आकडा चढलेला बघून ते डोस वाढवतील आणि गोष्ट उगाच पुढे जाईल. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत.

हा बदल मानवला की नाही ते स्वतःच तपासता येते. आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसल्यावर, दंडाच्या यंत्राने मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळचे मोजमाप चहाआधी, लघवीला जाऊन आल्यावर. पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५च्या खाली हवी.

समजा सकाळी सरासरी १५०/९२ आली आणि संध्याकाळी १२६/७८. गोळी पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही, असा संशय मग येतो. लोसार्टनसारखे कमी टिकणारे औषध दिवसातून एकदा घेणाऱ्यांत हे दिसू शकते. त्यावर गोळी रात्रीवर ढकलण्यापेक्षा जास्त टिकणारे औषध मागणे बरे, हे माझे मत. तुमच्या गोळीतली दोन्ही औषधे दिवसभर पुरणारी आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत असे आकडे आले तर आधी चुकलेले डोस मोजा, आणि मग घरच्यांना विचारा की तुम्ही जोरात घोरता का, मध्येच श्वास अडकतो का. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचा रक्तदाब रात्री उतरत नाही. तिथे २४ तास दंडाला यंत्र लावून केलेली तपासणी उपयोगी पडते.

अम्लोडिपिनने सौ.च्या घोट्यांना सूज येत असेल, तर तीही वेळ बदलून सहसा जात नाही. डोस कमी करणे किंवा जोडीला टेल्मिसार्टन देणे हे डॉक्टरांच्या हातातले उपाय आहेत.

वेळ स्वतःहून हलवू नये असे थोडे लोक आहेत. प्राझोसिनची सुरुवात झोपतानाच करतात, कारण पहिल्या डोसनंतर उभे राहताच भोवळ येऊ शकते. दिवसातून दोनदा लिहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन ‘वेळ वाचवू’ नये. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी रात्रीवर जाण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे. आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘सकाळ’ घड्याळावर शोधू नये. ज्या वेळी झोपून उठता ती तुमची सकाळ. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर दोन्ही पाळ्यांत जागे असता अशी एखादी वेळ, उदाहरणार्थ संध्याकाळी सहा, धरून ठेवा.