गुंड उचलताना तुमचा श्वास कुठे असतो?

अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातली एक बेचाळिशीची बाई तपासणीला आली होती. तीन बाळंतपणं, तिन्ही नैसर्गिक. तक्रार सांगताना तिची नजर जमिनीकडेच होती. "भरलेला गुंड उचलला का थेंब पडते जी. खोकलं तरी पडते." टँकरचं पाणी भरायचं म्हणजे पंधरा लिटरचा गुंड जमिनीवरून कमरेवर आणि तिथून डोक्यावर. लघवीची तपासणी स्वच्छ होती, जळजळ नव्हती, अंगही बाहेर येत नव्हतं. मग मी तिला रिकामा गुंड उचलून दाखवायला सांगितलं. खाली वाकताच तिने श्वास कोंडला, दात आवळले आणि उचलताना पोट खाली लोटलं. दुखणं कुठे आहे ते त्यात दिसलं.

आपलं पोट झाकणाच्या डब्यासारखं समजा. वरचं झाकण म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल. बाजूने पट्ट्यासारखा गुंडाळलेला पोटाचा सर्वांत आतला स्नायू, मागे मणक्यालगतचे लहान स्नायू. बूड म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्यांवर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय विसावतात. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं, तळही थोडा सैल होऊन खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. खोकला येण्याच्या किंचित आधी तळ आपोआप आवळला जातो. बाळंतपणात ताणल्या गेलेल्या तळाची हीच वेळ चुकते, आणि दाब आधी पोचतो. श्वास कोंडून पोट खाली लोटलं तर त्या तळावर जोर आणखी वाढतो.

म्हणून मी तिला आधी गुंडाशिवाय सराव दिला. गुडघे वाकवून पाठीवर झोपायचं. श्वास सोडत, वायू अडवतो तसं गुदद्वार आणि मूत्रमार्ग आत-वर ओढायचे. पाच-सहा सेकंद धरायचं आणि पूर्ण सोडायचं. सोडणं अर्धवट राहिलं तर स्नायू थकतो आणि ऐनवेळी कामाला येत नाही. अशी आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार अडवून हा व्यायाम करू नका. नीट होतंय का, हे बेंबीखाली तळहात ठेवून कळतं. पोट हलकेच आत गेलं तर बरोबर, हाताला बाहेर ढकललं तर तुम्ही जोर खाली लावताय. नितंब किंवा मांड्या आवळल्या तरी काम भलत्याच जागी चाललंय.

मग गुंड. त्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, कंबर आणि गुडघ्यांत वाकायचं, बरगड्या रुंदावतील असा मऊ श्वास घ्यायचा. श्वास सोडायला सुरुवात करतानाच तळ वर ओढायचा, आणि सोडता सोडता गुंड उचलायचा. कमरेवर आला की थांबून एक श्वास. डोक्यावर चढवताना पुन्हा तेच, किंवा सरळ जावेला हाक मारावी. तिने काही आठवडे गुंड अर्धाच भरला आणि खेपा वाढल्या म्हणून सासूची बोलणी खाल्ली. तरी मला तेच योग्य वाटलं.

बाजार समितीतला निरोगी हमाल पोतं उचलताना क्षणभर श्वास रोखतो, त्यात चूक नाही. खूप जड वजनाला त्यानेच मणक्याला आधार मिळतो. पण थेंब पडत असतील तर तो मार्ग तुमच्यासाठी नाही.

उडी मारणं निराळं. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, मैदानावर मुली भरपूर दिसतात. बाळंतपण न झालेल्या खेळाडू मुलींनाही दोरीउड्यांत थेंब येतात, आणि त्या पाणी पिणं कमी करतात. हा उपाय नव्हे. उडीत भार येतो तो पाय जमिनीला टेकताना, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट. प्रत्येक उडीला तळ आवळायला वेळ नसतो, आणि सतत आवळून धरलं तर तो दमतो. आधी टाचा उचलून खाली सोडा, टेकताना श्वास सोडा. जमलं की दोन्ही पायांनी दहा छोट्या उड्या, गुडघे किंचित वाकवून. आवाज धप्पकन आला तर पाय ताठ आहेत. थेंब न येता हे जमलं, तरच दोरी हातात घ्या. आला, तर एक पायरी मागे.

लघवीत रक्त, ताप, लघवी अडणं, योनीत गोळा जाणवणं, किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा असेल तर व्यायामाने वेळ घालवू नका. बधिरपणा आणि लघवी अडणं एकत्र असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाकीच्यांनी तीन महिन्यांत फरक नसेल तर अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवावं. "वयाने होतं" असं कुणी म्हणालं तरी तपासणी करून घ्या.