३ टक्के व्याज सवलतीची खरी किंमत किती? एपीव्ही पद्धतीने गोदामाचा हिशोब

व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश बघू.

समजा गेवराईजवळ तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन-तुरीसाठी गोदाम बांधायचंय. खर्च ६० लाख. त्यातले ४० लाख कृषी पायाभूत सुविधा निधी योजनेतून कर्ज. ही केंद्राची योजना २०२० पासून चालू आहे. तिच्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, जास्तीत जास्त ७ वर्षं. बँकेचा दर ९ धरला तर तुम्हाला पडतात ६ टक्के.

आता बरेच जण काय करतात? गोदामाची पुढची कमाई याच ६ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतात. कर जाऊन वर्षाला ९ लाख, १५ वर्षं. उत्तर येतं ८७.४१ लाख, म्हणजे २७ लाखांचा फायदा! पण भाव पडला, गोदाम रिकामं राहिलं, तर तो धोका बँकेच्या स्वस्त दराने कमी होतो का? नाही ना.

म्हणून एपीव्हीत, म्हणजे समायोजित वर्तमान मूल्यात, दोन वह्या करायच्या. (१९७४ साली स्टुअर्ट मायर्स यांनी ही पद्धत मांडली.)

पहिल्या वहीत कर्ज नाहीच, सगळा पैसा स्वतःचा असं धरायचं. धंद्याच्या धोक्याला साजेसा दर १४ टक्के घेतला, तर कमाईचं आजचं मूल्य ५५.२८ लाख. ६० लाख वजा केले की ४.७२ लाख तोटा.

दुसऱ्या वहीत फक्त कर्जाचे परिणाम. मुद्दल दरवर्षी ८ लाख फेडलं, तर शिल्लक ४०, ३२, २४, १६, ८ लाख. त्यावर ३ टक्के सवलत म्हणजे १.२०, ०.९६, ०.७२, ०.४८, ०.२४ लाख. हे ९ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणा, कारण सवलत नसती तर कर्ज त्याच दराने पडलं असतं. बेरीज २.९६ लाख. मग करबचत. कर २५ टक्के धरला तर ती १.४८ लाख. इथे व्याज ६ टक्केच धरायचं, कारण उरलेले ३ टक्के तुमच्या खिशातून जातच नाहीत. कागदपत्रं, तारण वगैरेचा खर्च ४० हजार वजा.

```
-४.७२ + २.९६ + १.४८ - ०.४० = -०.६८ लाख
```

सवलत धरूनही ६८ हजार कमीच! पण वह्या वेगळ्या ठेवल्या म्हणून अडचण कुठे आहे ते कळलं. वर्षाला निव्वळ ११ हजारांच्या आसपास जास्त भाडं सुटलं की हिशोब बरोबरीत येतो. म्हणजे बोलणी भाड्याची करायची, बँकेच्या दराची नव्हे.

दुसरी वही पोकळ कधी ठरते? कंपनी तोट्यात असेल, कर लागतच नसेल, तर १.४८ लाखांची करबचत त्या वर्षांपुरती शून्य. सवलतीचा प्रत्येक हप्ता वर्षभर उशिरा खात्यात आला, तर २.९६ चे २.७२ लाख होतात. आणि एवढंच कर्ज याच सवलतीत दुसऱ्या कामालाही मिळणार असेल, तर ती किंमत या गोदामाच्या नावावर लिहू नका.