चित्राखालील चार ओळी

गायन-नृत्य विद्यालयाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला, की विद्यालयाच्या फलकावर आणि बाजारातील दुकानांच्या दारांवर एक पत्रक लागते. पत्रकाच्या वरच्या भागात विद्यार्थिनींचे छायाचित्र असते व त्याखाली काही ओळी छापलेल्या असतात. हे पत्रक वाचणारा मनुष्य बहुधा वाटेने चाललेला असतो. त्याने चित्र पाहावे, खालच्या ओळी वाचाव्या आणि केव्हा, कोठे व किती पैसे घेऊन जावयाचे हे मनाशी ठरवून पुढे जावे, एवढेच त्या ओळींचे काम असते. हे काम लहान दिसते. परंतु ते बिघडले तर काय घडते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

अशाच एका विद्यालयाने एका वर्षी पत्रकाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत छापले होते : ‘तिकीट १०० रुपये. तिकिटाशिवाय कोणासही प्रवेश मिळणार नाही.’ या वाक्यांतील एकही शब्द खोटा नव्हता. तथापि प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरच्या दोन माणसांना विनामूल्य पास मिळणार होता, ही गोष्ट पत्रकात कोठेच नव्हती. ती वर्गात तोंडी सांगण्यात आली होती, आणि त्या दिवशी एक मुलगी तापामुळे गैरहजर होती. तिची आई मंडईत भाजी विकत असे. तिने पत्रक वाचले, दिवसाच्या मिळकतीतून शंभर रुपये काढणे जमणार नाही असे ठरविले आणि मुलीला एकटीलाच कार्यक्रमास पाठविले. मुलगी दुसऱ्या रांगेत बसून गायिली. गाताना तिची नजर पुनःपुन्हा प्रेक्षकांकडे जात होती. तिच्या घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत गुरुजींच्या कानावर आली. पुढील वर्षी पत्रकाचा मजकूर लिहिण्याचे काम त्यांनी मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांवर सोपविले. छायाचित्र ठरलेले होते. त्यात पाच लहान मुली बसून गात होत्या आणि पाचहीजणींचे तळवे वर वळलेले होते. त्यांच्या मागे एक मोठी विद्यार्थिनी उंच दांडीचे वाद्य छेडीत बसली होती. विद्यार्थ्यांनी पहिला मजकूर असा लिहिला :

‘सुंदर गाणे गाताना आमच्या विद्यालयाच्या गुणी विद्यार्थिनी. मागे सतार. वार्षिक कार्यक्रम रविवारी सायंकाळी ५ वाजता. प्रवेशिका असलेल्यांनाच प्रवेश. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. पालकांनी शिस्त पाळावी.’

गुरुजींनी हा मजकूर फळ्यावर लिहून घेतला आणि एकेका वाक्यावर बोट ठेवीत प्रश्न विचारण्यास आरंभ केला.

पहिल्या वाक्यात चित्राची ओळख करून द्यावयाची होती. मुली गात आहेत हे पाहणाऱ्याला दिसतेच. आणि गाणे सुंदर आहे की नाही हे चित्रातून कोणालाही ऐकू येत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, परंतु सांगितल्यावर चित्र अधिक समजते, ते ओळींनी सांगावयाचे असते. त्या मुली तीनतालात गात होत्या. तीनतालात सोळा मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी देतात आणि नवव्या मात्रेवर टाळी न देता हात बाहेर नेऊन तळवा वर वळवितात. या जागेला ‘खाली’ म्हणतात. तेव्हा छायाचित्र टिपले गेले ते नेमके नवव्या मात्रेवर. एवढे सांगितले, की चित्रातील पाच तळव्यांना अर्थ येतो.

‘सतार’ हा शब्द तर चुकीचाच होता. सतारीच्या दांडीवर धातूचे पडदे बसविलेले असतात. वादक त्या पडद्यांवर तारा दाबून निरनिराळे स्वर काढतो. तंबोऱ्याच्या दांडीवर पडदे नसतात. त्याच्या तारा, ज्या बहुधा चार असतात, एकामागून एक नुसत्या छेडल्या जातात आणि गायकाला आधारस्वर सतत ऐकू येत राहतो. विद्यार्थ्यांनी चित्र जवळ घेऊन पाहिले. दांडी कोरी होती. म्हणजे तो तंबोरा होता. संगीताच्याच विद्यालयाने तंबोऱ्याला सतार म्हटले असते, तर बाकीच्या मजकुरावर कोणी विश्वास ठेवला असता?

‘प्रवेशिका’ या शब्दाने निराळीच अडचण उत्पन्न केली. प्रवेशपत्राला मराठीत प्रवेशिका म्हणतात. परंतु अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांतील एका परीक्षेचे नावही प्रवेशिका असेच आहे. विद्यालयाच्या कित्येक विद्यार्थिनी त्या परीक्षेला बसल्या होत्या. ‘प्रवेशिका असलेल्यांनाच प्रवेश’ हे वाचून एखाद्या पालकाने, आपली मुलगी ती परीक्षा उत्तीर्ण नाही, तेव्हा आपणांस बोलावणे नाही, असा समज करून घेतला तर त्याचा दोष कसा म्हणावा? म्हणून तेथे ‘तिकीट’ व ‘पास’ हे सर्वांच्या तोंडी असलेले शब्द घालण्याचे ठरले.

‘पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही’ या वाक्याचेही दोन अर्थ होत होते. तिकीट लागत नाही, असा एक; आणि तिकीट मिळणारच नाही, म्हणजे लहान मुलांना आणू नये, असा दुसरा. लिहिणाऱ्यांच्या मनात पहिला अर्थ होता; परंतु वाचणाऱ्याजवळ लिहिणाऱ्याचे मन नसते, त्याच्यापुढे फक्त शब्द असतात. ‘लागणार नाही’ एवढा बदल करताच दुसरा अर्थ नाहीसा झाला.

‘पालकांनी शिस्त पाळावी’ या वाक्याने पालकांनी नेमके काय करावे हे कळत नव्हते. त्यांना बोल लावला आहे, एवढेच वाटत होते. गुरुजींनी विचारले, “कार्यक्रमात कोणत्या गोष्टीने व्यत्यय येतो?” मुलांनी सांगितले, की एखादे लहान मूल रडू लागते, आणि उठून गेल्यास पुन्हा आत सोडतील की नाही, या शंकेने आई जागेवरच बसून राहते. तर मग ती शंका दूर करणे हेच लिहिणाऱ्याचे काम होते.

आता तिकिटाचा हिशेब राहिला. सभागृहात ३०० खुर्च्या होत्या. गाणारी व नाचणारी ६० मुले आपला भाग संपल्यावर पुढे सतरंजीवर बसणार होती. त्यांच्या घरच्या प्रत्येकी दोघांसाठी १२० खुर्च्या आणि साथीदार व पाहुणे यांच्यासाठी २० खुर्च्या बाजूला काढल्यावर विक्रीस १६० तिकिटे उरली. ‘तिकिटे दारावर मिळतील’ असे निश्चयाने लिहिले आणि ती आधीच संपली, तर लांबून आलेल्या माणसाला परत जावे लागेल. म्हणून ‘शिल्लक असल्यास’ हे दोन शब्द जोडणे अवश्य होते.

तिकीट ठेवण्यात संकोच वाटण्याचे कारण नव्हते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पूर्वी उत्तम गायन ऐकण्याचा योग मुख्यतः राजेरजवाड्यांच्या दरबारी अथवा श्रीमंतांच्या घरी येत असे. पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. त्यामुळे ज्याच्याजवळ तिकिटापुरते पैसे होते, त्याला गाणे ऐकता येऊ लागले, आणि विद्यालयाच्या खर्चालाही हातभार लागला. ज्याने तिकीट घ्यावयाचे, त्याला पैसे कशासाठी घेतले जातात हे सांगितले, की तो ते संतोषाने देतो.

विद्यार्थ्यांनी आणखी दोन गोष्टी ठरविल्या. चित्रातील मुलींची नावे छापावयाची नाहीत. कारण पत्रक भर बाजारात लागणार होते, आणि लहान मुलांचे छायाचित्र व नाव अनोळखी माणसांच्या हाती एकत्र जाणे बरे नव्हे. छायाचित्र छापण्यासही पाचही घरांची संमती घेण्यात आली. तसेच मुलांनी किती वाजता यावे, कोणता पोशाख करावा, घुंगरू कोणी आणावे, हा मजकूर पत्रकात न घालता घरोघर वेगळ्या चिठ्ठीने कळवावा असे ठरले; कारण तो प्रेक्षकांसाठी नव्हता. शेवटी मजकूर असा तयार झाला :

‘भूप रागातील सरगमगीत गाताना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी. पाचहीजणी तीनतालाची नववी मात्रा, म्हणजे “खाली”, हाताने दाखवीत आहेत. मागे तंबोऱ्याची साथ.

वार्षिक कार्यक्रम रविवार, २० डिसेंबर २०२६ रोजी वाचनालयाच्या सभागृहात होईल. दारे ४.३० वाजता उघडतील. ५ ते ६ लहान मुलांचे गायन व नृत्य, त्यानंतर मोठ्या मुलांचे. ८ वाजता भैरवीने समाप्ती.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरच्या दोघांना पास विनामूल्य आहे. पास आणण्यास विसरल्यास दारावर मुलाचे नाव सांगावे. इतरांस तिकीट १०० रुपये. ही रक्कम सभागृहाचे भाडे व साथीदारांचे मानधन यांसाठी आहे. तिकिटे विद्यालयात रोज सायंकाळी ५ ते ७ व शिल्लक असल्यास दारावर मिळतील. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागणार नाही. त्यांना मांडीवर घ्यावे. मूल रडू लागल्यास मागील दाराने बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल.’

छापण्यापूर्वी वार व तारीख यांचा मेळ दिनदर्शिकेत पाहण्यात आला. कारण ती दोन्ही जुळली नाहीत, तर निम्मे लोक वार धरतात व निम्मे तारीख. त्यानंतर हा कागद वाचनालयाच्या शिपायाला वाचावयास दिला. त्याला कार्यक्रमाची काहीच माहिती नव्हती, म्हणूनच त्याची निवड केली होती. विद्यार्थ्यांनी त्याला विचारले, “एका विद्यार्थिनीचे आईवडील, आजी आणि चार वर्षांचा भाऊ असे चौघे आले, तर त्यांना किती पैसे लागतील?” त्याने कागदाकडे पाहून उत्तर दिले, “आईवडिलांना पास, धाकट्याला तिकीट नको, आजीचे तेवढे शंभर रुपये.” उत्तर बरोबर होते. मग थोडे थांबून तो म्हणाला, “पण आजीबाईंना जिना चढवेल का, हे यात कोठे लिहिले आहे? सभागृह तर वरच्या मजल्यावर आहे.”

विद्यार्थ्यांनी कागद परत घेतला आणि खाली एक ओळ वाढविली : ‘सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. ज्यांना जिना चढणे अवघड आहे, त्यांच्यासाठी खालच्या दाराशी खुर्ची व मदतीस दोन विद्यार्थी असतील.’

स्वाध्याय

१. पहिल्या वर्षीच्या पत्रकातील एकही शब्द खोटा नव्हता, तरी ते सदोष होते. ते कसे?

२. छायाचित्रातील वाद्य तंबोरा आहे की सतार, हे कशावरून ओळखावे?

३. ‘मुलांना तिकीट नाही’ व ‘मुलांना तिकीट लागणार नाही’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

४. एका विद्यार्थ्याचे आईवडील, काका आणि सात वर्षांची बहीण कार्यक्रमास आले. अंतिम मजकुराप्रमाणे त्यांना किती रुपये लागतील?

५. आपल्या शाळेतील एखाद्या कार्यक्रमाचे छायाचित्र घेऊन त्याखाली ओळी लिहा. त्या कार्यक्रमाची माहिती नसलेल्या माणसाला वाचावयास द्या आणि त्याने विचारलेले प्रश्न लिहून काढा.