तीन तुलना आणि एक विसंगती

प्रश्न : टोमॅटो प्युरीच्या कारखान्यासाठी नारायणगाव आणि चाकण परिसरातल्या दोन जागा पाहिल्या आहेत. श्रेणीबद्ध विश्लेषण पद्धतीत कच्चा माल पाण्यापेक्षा 3 पट, पाणी जमिनीच्या भावापेक्षा 5 पट आणि कच्चा माल भावापेक्षा 3 पट महत्त्वाचा धरला. सुसंगती गुणोत्तर 0.25 आले. चूक कुठे?

उत्तर : तुमच्या पहिल्या दोन उत्तरांचा गुणाकार 15 होतो, म्हणजे माल भावापेक्षा 15 पट जड ठरतो. तुम्ही मात्र 3 म्हणता. थॉमस साटी यांच्या या पद्धतीतली मोजपट्टी 9 वरच संपते, त्यामुळे तिसरा आकडा वाढवूनही मेळ पूर्ण बसणार नाही. तिन्ही तुलना पुन्हा तपासा. गुणोत्तर साधारण 0.10 च्या आत हवे.

टँकरने भागत असेल तर पाणी भावापेक्षा 5 पट खरेच आहे का? समजा, फेरविचारानंतर आकडे 2, 3 आणि 5 आले. प्रत्येक ओळीतल्या तीन आकड्यांचा गुणाकार करून घनमूळ काढा आणि त्या तिघांच्या बेरजेने भागा. भार येतात : माल 0.58, पाणी 0.31, भाव 0.11. गुणोत्तर 0.01 पेक्षाही कमी.

पण केवळ गुणोत्तर उतरावे म्हणून आकडे हलवू नका. चुकीची मतेही एकमेकांशी सुसंगत असू शकतात.

आता प्रत्येक निकषावर दोन्ही जागांची तुलना करा. दोनच जागा असल्याने तिथे विसंगती निघणारच नाही, म्हणून ते आकडे मालाची वाहतूक आणि पाण्याचा खर्च प्रत्यक्ष मोजूनच भरा.